ताण वाढला, पण जोर वाढेना : स्टार्लिंगच्या दोन नियमांची गोष्ट

आजची गोष्ट सलाईनच्या बाटलीपासून सुरू करतो, कारण आमच्या भिलाई-दुर्गकडे दवाखान्यात सगळ्यात जास्त मागितली जाणारी वस्तू तीच. थकवा आला, बाटली चढवा. जेवण जात नाही, बाटली चढवा. विदर्भातही काही वेगळं नाही, आणि आमच्याकडची निम्मी मराठी घरं भंडारा-गोंदिया-नागपूरकडचीच.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असेच एक काका आले. रेल मिलमधून निवृत्त झालेले, सत्तरीच्या आसपासचे, आधी एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेला. पावलं सुजलेली, चार पावलं चाललं की धाप, रात्री दोन उशा घेऊन झोपायचे ते आता बसूनच झोपत होते. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाबा लय कमजोर झाले. दोन बाटल्या चढवून द्या नं, ताकद येईल." मी म्हटलं, बाटली नाही, उलट मी यांच्या अंगातलं पाणी काढणार आहे. मुलाचा चेहरा पडला. माणूस अशक्त झालाय आणि डॉक्टर आणखी काढून घेतोय, असं त्याला वाटलं.

आता गंमत अशी की त्या मुलाचं म्हणणं शास्त्राच्या एका मोठ्या नियमाला धरून होतं. हृदयात जास्त रक्त भरा, ते जास्त जोराने आवळेल आणि जास्त रक्त बाहेर फेकेल, असा तो नियम आहे. फ्रँक आणि स्टार्लिंग यांच्या नावाने तो ओळखला जातो. मग काकांच्या बाबतीत तो का लागू पडत नव्हता? या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्राला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि त्यातली पन्नासेक वर्षं एका दिसायला सुंदर पण फसव्या आलेखामागे गेली. ती गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात म्युनिकला होते, बेडकाच्या हृदयापासून. ऑटो फ्रँक हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ गणिताचा आणि उपकरणांचा वेडा होता. १८९५ साली त्याने हृदयाच्या स्नायूंवरचा आपला मोठा निबंध छापला. त्याने काय केलं, तर बेडकाचं हृदय बाहेर काढून नळ्यांना जोडलं आणि बाहेर पडण्याची वाट बंद ठेवली. म्हणजे हृदय आवळेल, पण आतला द्रव कुठेच जाणार नाही. जो काही जोर लागेल तो सगळा दाब म्हणून मोजता येईल. मग त्याने हृदय थोडं भरलं, ठोका मोजला. आणखी भरलं, पुन्हा मोजला. प्रत्येक वेळी आधीचं भरण जास्त तर ठोक्याचा सर्वोच्च दाब जास्त. एका मर्यादेपर्यंत हे असंच चाललं आणि त्यापुढे भरलं तर दाब कमी होऊ लागला. ही 'त्यापुढची' गोष्ट लक्षात ठेवा.

इथे एक गैरसमज आधीच बाजूला करू. गलोलीचं रबर जितकं ताणाल तितक्या जोराने दगड जातो, तसंच हे, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. ते तसं नाही. रबर ताणताना तुमच्या हाताने जे काम केलं तेच रबर परत देतं, त्यात स्वतःचं काही घालत नाही. हृदयाचा स्नायू ताणला की तो पुढच्या ठोक्याला स्वतःचं जास्त इंधन जाळून जास्त ओढतो. तो उसना जोर फेडत नाही, नवीन जोर काढतो. भरणाने फक्त त्याला सांगितलं जातं की या खेपेला काम जास्त आहे.

फ्रँकनंतर वीस वर्षांनी हा धागा लंडनमध्ये अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंगने उचलला. या माणसाचं मुंबईशी नातं आहे. त्याचे वडील बॅरिस्टर होते आणि मुंबईत 'क्लार्क ऑफ द क्राउन' या न्यायालयीन पदावर नोकरीला होते. कुटुंब इंग्लंडात, वडील मुंबईत, आणि काही वर्षांतून एकदा घरी यायचे. स्टार्लिंग १८६६ साली लंडनला जन्मला आणि असाच आईच्या देखरेखीखाली वाढला. हार्मोन हा शब्द आज आपण सहज वापरतो, तो १९०५ मध्ये चलनात आणणारा हाच.

युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण मांडणी तयार केली. बेशुद्ध केलेल्या कुत्र्याचं हृदय आणि फुप्फुसं तेवढी चालू ठेवायची, बाकीच्या शरीराचं रक्ताभिसरण तोडून टाकायचं. महारोहिणीतून निघालेलं रक्त एका नळीतून बाहेर यायचं, गरम पाण्यात बुडवलेल्या नळीच्या वेटोळ्यातून जायचं, वर टांगलेल्या भांड्यात पडायचं आणि तिथून पुन्हा हृदयाच्या उजव्या बाजूला. रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेलं औषध. वाटेत अडथळा निर्माण करायला काचेच्या नळीत बसवलेली पातळ रबरी नळी. बाहेरून हवेचा दाब वाढवला की ती चेपायची आणि रक्ताला पुढे जाणं कठीण व्हायचं. आणि हृदयाभोवती एक बंद पेला, ज्यावरून ते किती फुगलं हे कळायचं.

या मांडणीची खुबी अशी की मेंदूकडून येणारे हुकूम तुटलेले. हृदय एकटं, स्वतःच्या अकलेने काय करतं तेवढंच दिसणार. १९१४ साली पॅटरसन, पायपर आणि स्टार्लिंग यांनी हे प्रयोग छापले. येणाऱ्या रक्ताचा नळ उघडला की हृदय आधी थोडं फुगायचं आणि मग तेवढंच जास्त रक्त बाहेर फेकायचं. नळ तोच ठेवून पुढचा अडथळा वाढवला, तर पहिले काही ठोके कमी रक्त जायचं, ते आत साठायचं, हृदय फुगायचं, आणि फुगल्यामुळे जोर वाढून पुन्हा पूर्वीइतकंच रक्त अडथळ्याविरुद्ध जाऊ लागायचं. दोन्हीकडे एकच गोष्ट: ठोक्याआधी तंतू किती लांब होता, त्यावर ठोक्याचा जोर ठरतो. त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटलं. पायपर जर्मन होता. तो पुढच्याच वर्षी लढाईत मारला गेला. स्टार्लिंगने १९१५ मध्ये केंब्रिजला या विषयावर व्याख्यान दिलं, 'हृदयाचा नियम' या नावाने, पण ते छापून यायला १९१८ उजाडलं.

हा नियम आपल्या छातीत रोज नेमकं कोणतं काम करतो? व्यायाम, पळणं यांत बरंच काम मज्जातंतू आणि अॅड्रेनलिन करतात. नियमाचं खरं रोजचं काम हिशेबनीसाचं आहे. हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे रक्त पाठवते, डावी बाजू बाकी शरीराकडे. दोघींची रक्कम जुळलीच पाहिजे. समजा उजवी बाजू दर ठोक्याला डावीपेक्षा एक मिलिलिटर जास्त पाठवू लागली. मिनिटाला सत्तर ठोके, म्हणजे सत्तर मिलिलिटर. दहा मिनिटांत सातशे. हे सगळं फुप्फुसांत साठलं तर माणूस अर्ध्या तासात बुडून मरेल. तसं होत नाही, कारण तो एक जास्तीचा मिलिलिटर डाव्या कप्प्यात पोचतो, तिथला तंतू किंचित ताणतो, आणि पुढच्या ठोक्याला डावी बाजू एक मिलिलिटर जास्त फेकते. हिशेब जुळला. झोपलेला माणूस कुशीवर वळला, उभा राहिला, खोकला, की प्रत्येक वेळी हिशेब बिघडतो आणि दोन-चार ठोक्यांत सुधारतो.

आता काकांकडे येऊ. त्यांच्या डाव्या कप्प्याने हा हिशेब ठेवणं सोडून दिलं होतं. प्रश्न असा की का.

स्टार्लिंगच्या आलेखात एक उत्तर आयतं दिसत होतं. आडव्या रेघेवर भरणाचा दाब, उभ्या रेघेवर बाहेर पडणारं रक्त. रेघ वर चढते, शिखरावर पोचते, आणि मग फ्रँकच्या बेडकासारखीच खाली उतरते. लोकांनी म्हटलं, झालं, दुबळं हृदय म्हणजे शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर गेलेलं हृदय. जास्त ताणलं म्हणून सैल झालं. पुढे सांगाड्याच्या स्नायूंवर इतकं सुबक काम झालं की हे उत्तर आणखीच पक्कं वाटू लागलं. स्नायूच्या तंतूत सार्कोमियर नावाचे बारीक कप्पे एकापुढे एक असतात, आणि प्रत्येकात जाड व बारीक धागे एकमेकांत बोटांसारखे गुंतलेले असतात. १९६६ मध्ये गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या पायातल्या तंतूवर दाखवलं की सार्कोमियर साधारण २ ते २.२ मायक्रॉन असताना जोर सगळ्यात जास्त, आणि त्यापुढे ताणलं की बोटं एकमेकांतून निसटतात, पकड कमी होते, जोर घटतो. पाठ्यपुस्तकांत हा आलेख आणि स्टार्लिंगचा आलेख शेजारी शेजारी छापले गेले. दोन्ही चढतात, दोन्ही उतरतात. विद्यार्थ्यांना पाठ करायला सोपं. मीही तसंच पाठ केलं होतं.

पण याला एक अडचण होती, आणि ती आर्नल्ड कॅट्झने १९६५ मध्ये मांडली. प्रयोगशाळा लागत नाही, नुसता विचार पुरे. समजा एखाद्या माणसाचं हृदय खरोखर उतारावर आहे. त्याने एक पेला पाणी जास्त प्यायलं. भरण थोडं वाढलं, म्हणून ठोका थोडा कमी झाला. ठोका कमी झाला म्हणून आत जास्त रक्त उरलं. म्हणून पुढच्या ठोक्याला भरण आणखी जास्त, ठोका आणखी कमी. हा घसरगुंडीचा प्रवास आहे, यात थांबायला जागाच नाही; काही मिनिटांत खेळ संपेल. पण काकांसारखे रुग्ण महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं जगतात. सुजतात, धापतात, पण जगतात. म्हणजे ते उतारावर असूच शकत नाहीत. मला हा युक्तिवाद फार आवडतो.

मग स्टार्लिंगच्या आलेखात उतार आला कुठून? कापून बाहेर काढलेलं हृदय फार फुगवलं की त्याच्या झडपा नीट मिटत नाहीत आणि रक्त मागे गळतं. हृदय थकतही असतं. तंतूचा जोर कमी झाला म्हणून नव्हे, तर पंप म्हणून ते गळू लागलं म्हणून पुढे जाणारं रक्त कमी दिसू शकतं. आणि हृदयाचा स्नायू पायाच्या स्नायूसारखा ताणताच येत नाही. त्याच्या आत टायटिन नावाचं एक प्रचंड लांब प्रथिन स्प्रिंगसारखं बसलेलं आहे आणि बाहेर कोलॅजेनचं जाळं. सार्कोमियर २.२–२.३ मायक्रॉनच्या पुढे न्यायचा म्हटलं की भिंत अशी कडक होते की दाब भराभर चढतो आणि लांबी जवळपास वाढत नाही. छातीतल्या हृदयाला बाहेरून वेष्टनही असतं. थोडक्यात, निसर्गाने उताराच्या आधीच कुंपण घातलं आहे.

आता कोणी विचारेल, काकांचं हृदय तर एक्स-रेमध्ये केवढं मोठं दिसत होतं, मग ताणलेलं नव्हतं कसं? इथे १९६०–७०च्या दशकांत सॉननब्लिक, रॉस आणि ब्राउनवाल्ड यांच्या गटाने केलेलं काम उपयोगी पडतं. त्यांनी दीर्घकाळ जास्त भार सोसलेल्या, फुगलेल्या हृदयांतले सार्कोमियर सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. ते अतिताणलेले निघाले नाहीत, साधारण २.२ मायक्रॉनलाच होते. हृदय मोठं झालं होतं ते कप्प्यांची भर पडल्यामुळे, एकेक कप्पा लांबल्यामुळे नव्हे. आगगाडी लांब झाली ती डबे जोडल्यामुळे. पण प्रत्येक डबा आधीच पूर्ण ताणाला बसलेला. निरोगी हृदयात विश्रांतीच्या वेळी सार्कोमियर आखूड असतो, म्हणजे वेळ आली तर ताणायला जागा शिल्लक. दुबळ्या हृदयाने ही शिल्लक साध्या बसल्या-उठल्या आयुष्यासाठीच खर्चून टाकलेली असते. म्हणून आणखी भरलं की लांबी वाढत नाही, जोर वाढत नाही, वाढतो तो फक्त दाब. रेघ उतरत नाही, आडवी होते.

रेघ आडवी होते आणि मुळात खालीही सरकलेली असते. १९५४ मध्ये सार्नॉफ आणि बेर्गलुंड यांनी कुत्र्यांवर दाखवलं की एका हृदयाला एकच रेघ नसते, रेघांचं सगळं कुटुंब असतं. अॅड्रेनलिन मिळालं की हृदय वरच्या रेघेवर उडी मारतं. रक्तपुरवठा तुटला की खालच्या, चपट्या रेघेवर घसरतं. हार्ट अटॅकमध्ये भिंतीचा एक तुकडा मेला की उरलेल्याला हीच खालची रेघ वाट्याला येते.

यात आणखी एक पदर आहे, तो थोडक्यात सांगतो, कारण यावर अजून भांडण आहे. ताणल्यावर जोर का वाढतो याचं 'बोटं जास्त चांगली गुंततात' हे उत्तर हृदयासाठी अपुरं ठरलं. १९७४ ते १९८२ या काळात अॅलन, ज्युएल, कुरिहारा, हिबर्ड या मंडळींनी लंडनमध्ये दाखवलं की ताणलेला हृदयतंतू कॅल्शियमला जास्त संवेदनशील होतो. तेवढ्याच कॅल्शियमवर जास्त जोर. मग १९९४ मध्ये जर्मनीतल्या श्विंगर आणि सहकाऱ्यांनी हृदयप्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या, पूर्ण निकामी झालेल्या मानवी हृदयांच्या पट्ट्या ताणून पाहिल्या. निरोगी पट्ट्यांचा जोर वाढला, निकामी पट्ट्यांचा वाढला नाही, आणि त्यांची कॅल्शियमची संवेदनशीलताही वाढली नाही. निष्कर्ष सरळ वाटला: निकामी हृदयात नियमच मेलेला असतो. पण दोन वर्षांत होलुबार्श यांच्या गटाने तशाच मानवी हृदयांवर काम करून सांगितलं की नाही, नियम जिवंत आहे. दोघांच्याही पद्धती काळजीपूर्वक होत्या. माझं स्वतःचं मत असं की काकांची धाप समजायला हा वाद मिटण्याची गरज नाही. नियम जिवंत असला तरी ताणायला जागाच उरलेली नसेल, तर जिवंत नियमाचा उपयोग काय?

आता तो दाब कुठे जातो ते पाहू, आणि इथे स्टार्लिंग दुसऱ्यांदा भेटतो. हृदयाच्या प्रयोगांच्या अठरा वर्षं आधी, १८९६ मध्ये, तरुण स्टार्लिंगने वेगळाच प्रश्न सोडवला होता: केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, मग परत आत कसं येतं? त्याने दाखवलं की आतला रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं ते आत ओढून धरतात. ही ओढ साधारण २५ मिलिमीटर पाऱ्याइतकी भरते. फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतला दाब निरोगी माणसात आठ-दहाच्या आसपास असतो, म्हणून फुप्फुसं कोरडी राहतात. डाव्या कप्प्यातला भरणाचा दाब मागे मागे थेट फुप्फुसांत पोचतो, मधे कुलूप नाही. तो अठराच्या वर गेला की फुप्फुसं जड होऊ लागतात. पंचविशी ओलांडली की पाणी हवेच्या पिशव्यांत उतरतं.

आकडे घेऊन बघू. हे समजावण्यासाठी घेतलेले गोल आकडे आहेत, कोणा एकाचे नाहीत. निरोगी माणसाचा डावा कप्पा ठोक्याआधी १२० मिलिलिटर भरलेला, भरणाचा दाब ८, आणि ठोक्याला ७० बाहेर. सलाईनने भरण १३५ झालं, तर दाब होईल १० किंवा ११, आणि ठोका ८०च्या पुढे. हा व्यवहार फायद्याचा. काकांचा कप्पा मात्र २२० मिलिलिटरचा, दाब २०, ठोका ५५. तीच बाटली दिली, भरण २३० झालं. ठोका ५५चा ५६. दाब २०चा २६. एका मिलिलिटरसाठी आपण स्टार्लिंगची दुसरी रेषा ओलांडली आणि काकांना त्यांच्याच फुप्फुसांत बुडवलं.

हाच हिशेब उलटा चालवा. लघवी वाढवणाऱ्या औषधाने दाब २० वरून १५ वर आणला तर ठोका जवळजवळ तेवढाच राहतो, कारण रेघ आडवी आहे. पण फुप्फुसं कोरडी होतात. म्हणून पाणी काढल्याने अशक्तपणा येत नाही, उलट माणूस झोपू लागतो, जेवू लागतो.

हे रुग्णाच्या खाटेशी मोजता येऊ लागलं १९७० नंतर. लॉस एंजेलिसला स्वान आणि गांझ यांनी टोकाला छोटा फुगा असलेली नळी आणली. ती शिरेतून सोडली की रक्ताच्या प्रवाहाबरोबर वाहत फुप्फुसाच्या धमनीत जाते आणि डाव्या बाजूच्या भरणाचा दाब सांगते. तिथल्याच गटाने १९७३ मध्ये ताज्या हार्ट अटॅकच्या रुग्णांत हा दाब थोडा थोडा वाढवून पाहिला. १४ ते १८पर्यंत बाहेर पडणारं रक्त वाढतं, त्यापुढे जवळपास काहीच मिळत नाही, असं निघालं. शोधनिबंधाच्या लेखकांत चॅटर्जी आणि दीक्षित ही नावं वाचून मला तेव्हा उगाच बरं वाटलं होतं. त्याच वर्षी दीक्षितांच्या नावाने आलेल्या दुसऱ्या निबंधात फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिल्यावर काय होतं ते मोजलं होतं: दाब पहिल्या पाच ते पंधरा मिनिटांतच सुमारे २० वरून १५च्या आसपास उतरला. लघवीचा जोर त्यानंतर कितीतरी वेळाने आला. म्हणजे औषध आधी शिरा सैल करतं, त्यांत रक्त मावतं, फुप्फुसांवरचा भार उतरतो, आणि पाणी मागाहून जातं. ज्यांनी धापणाऱ्या माणसाला हे इंजेक्शन दिलं आहे त्यांना हा अनुभव आहे: लघवीचं भांडं अजून रिकामंच असतं आणि माणूस बोलू लागतो.

मग शरीराला हे कळत नाही का? नाही कळत, आणि ही या आजाराची सगळ्यात वाईट बाजू आहे. कमी रक्त पोचलं की मूत्रपिंडाला वाटतं, माणूस जखमी झाला, रक्त वाहून गेलं. ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं, म्हणजे भरण वाढेल आणि हृदय जोर करेल. निरोगी हृदयाला ही मदत कामाची. आडव्या रेघेवरच्या हृदयाला ती रोज चढवलेली एक अदृश्य बाटलीच असते. मुलगा दोन बाटल्या मागत होता. काकांची मूत्रपिंडं तेच काम कधीपासून करत होती. रात्री आडवं झाल्यावर पायांतलं पाणी आणि रक्त छातीकडे येतं, तेव्हा धाप लागते तीही याच हिशेबाने. बसलं की रक्त खाली राहतं. काका बसून झोपत होते ते स्वतःच शोधून काढलेला उपाय होता.

काकांना इंजेक्शन सुरू केलं आणि पुढच्या सोयीच्या दवाखान्यात भरती केलं. आठवड्याभरात वजन पाच किलो उतरलं, पावलांवरचे मोज्यांचे वळ गेले. घरी जाताना मी सुनेला सांगितलं, रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. धाप लागायची वाट न बघता फोन करा. आणि उशा मोजा. एकाच्या दोन झाल्या तर तेही लिहा.

आता दुसरी बाजू, नाहीतर कोणी म्हणेल की हृदयाच्या रुग्णाला सलाईन म्हणजे विषच. तसं नाही. पुढच्या मे महिन्यात तेच काका पुन्हा आले. बाहेर आमच्याकडची ती लू, दोन दिवस उलट्या-जुलाब, आणि लघवीची गोळी मात्र नियमाने चालू, कारण डॉक्टरांनी बंद करू नका म्हणून सांगितलेलं. या खेपेला पाय सुजलेले नव्हते. मानेवरची शीर झोपवल्यावरही दिसत नव्हती. जीभ कोरडी, छाती स्वच्छ, रक्तदाब खाली, आणि कॅलेंडरवर वजन साडेतीन किलो उतरलेलं. मुलगा आता शिकला होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाटली नका लावू हं, तुम्हीच म्हणाले होते."

अशा वेळी अंदाजावर न जाता एक साधी परीक्षा करता येते. माणसाला आधी अर्धवट बसतं ठेवायचं, मग पाठ सपाट करून पाय पंचेचाळीस अंश वर उचलायचे. पायांतलं साधारण तीनशे मिलिलिटर रक्त छातीकडे येतं. ही अशी बाटली आहे की जी नको असेल तर पाय खाली करून काढून घेता येते. मिनिटाभरात हृदयातून निघणारं रक्त दहा टक्क्यांनी किंवा जास्त वाढलं, तर हृदय अजून चढत्या रेघेवर आहे. वाढलं नाही, तर रेघ आडवी, आणि सलाईनला हात लावायचा नाही. यासाठी खरं म्हणजे इको लागतो. नुसत्या रक्तदाबावर हे मोजणं कच्चं, कारण शिरा-धमन्यांचा ताणही मधे येतो. त्या दिवशी इकोचं यंत्र हाताशी होतं.

काकांचे पाय उचलले आणि ठोक्यामागचं रक्त पाचव्या हिश्शाने वाढलं. उलट्या-जुलाबांनी त्यांना आडव्या रेघेवरून मागे, चढावर आणून सोडलं होतं. ताणायला थोडी जागा पुन्हा तयार झाली होती. मुलाच्या डोळ्यांदेखत मी अडीचशे मिलिलिटर सलाईन अर्ध्या तासात दिलं, गोळी दोन दिवस थांबवली, आणि मधे मधे छातीला स्टेथोस्कोप लावत राहिलो. दुसरी अडीचशेची बाटली मुलगा हातात धरून उभा होता. पहिली संपल्यावर पाय पुन्हा उचलून पाहिले. या वेळी आकडा हलला नाही. ती दुसरी बाटली मी कपाटात परत ठेवायला सांगितली.